शंभराचा बल्ब मंद का?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, अधूनमधून एखादी पाण्याची मोटर. दुकानात ट्यूबलाइटच्या जागी एलईडी येऊन कितीतरी वर्षं झाली, पण कामाच्या टेबलावर भिंतीला ठोकलेल्या लाकडी पाटीवर जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब अजून आहे. पाटीवर एक होल्डर, एक सॉकेट, एक बटण, एवढाच सरंजाम. याला ते 'सिरीज बोर्ड' म्हणतात. गिऱ्हाइकानं इस्त्री आणून ठेवली की काका ती आधी या सॉकेटमध्ये लावतात, मान वर करून बल्बकडे बघतात आणि इस्त्रीचा एकही स्क्रू न उघडता सांगतात, "कॉइल गेली," किंवा "आत शॉर्ट आहे."

हा बल्ब काय बघून बोलतो, हे मला बरीच वर्षं नीट कळलेलं नव्हतं. शाळेत 'रोधांची एकसर जोडणी' आणि 'समांतर जोडणी' शिकलो होतो, गणितं सोडवली होती, मार्कही मिळाले होते. पण पाटीवरच्या त्या बल्बाशी त्या धड्याचा संबंध लागला तो एका रविवारी, घरीच एक पाटी तयार केली तेव्हा. दोन होल्डर, थोडी वायर, एक पिन टॉप, एक शंभर वॅटचा बल्ब आणि एक चाळीसचा.

पहिल्यांदा दोन्ही होल्डर समांतर जोडले, म्हणजे घरात जसे असतात तसे. फेजची वायर दोन्ही होल्डरच्या एकेका टोकाला, न्यूट्रलची दुसऱ्या टोकांना. बटण दाबलं. शंभराचा झगझगीत, चाळीसचा बेताचा. यात नवल काहीच नाही. दोघांनाही पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, दोघं आपापल्या वाटची वीज घेतात, एकाला दुसऱ्याची खबरही नसते. शंभराच्या बल्बातून साधारण ०.४३ अँपिअर धारा जाते, चाळीसच्या बल्बातून ०.१७. एकूण वीज १४० वॅट. एक काढला तरी दुसरा तसाच जळतो.

मग जोडणी बदलली. फेज पहिल्या होल्डरमध्ये शिरली, त्याच्या दुसऱ्या टोकातून निघून दुसऱ्या होल्डरमध्ये गेली आणि तिथून न्यूट्रलला. ही एकसर जोडणी, कारागिरांच्या भाषेत सिरीज. बटण दाबलं आणि चाळीसचा बल्ब पिवळट उजेडानं पेटला. शंभराच्या बल्बात मात्र काचेमागे तार तांबूस झालेली दिसली, बस्स. खोलीत उजेड पडायचा तो चाळीसचाच. घरच्यांनी लगेच निकाल दिला, "तुझा शंभराचा बल्ब खराब आहे." मी होल्डरमधले बल्ब अदलाबदल करून पाहिले. फरक नाही. जागा कुठलीही असो, चाळीसचाच उजळ.

यात फसवतो तो बल्बावर छापलेला आकडा. '१०० वॅट' हे वाचून आपल्याला वाटतं की शंभर वॅट हा त्या बल्बाचा स्वभाव आहे, जसं एक किलोचं माप कुठेही नेलं तरी एक किलोच. पण त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात '२३० व्होल्ट' असंही छापलेलं असतं आणि तो अर्धा भाग आपण वाचत नाही. दोन्ही मिळून त्याचा अर्थ असा, की मला पूर्ण २३० व्होल्ट दिलेत तर मी शंभर वॅट घेईन. कमी दिलेत तर करार संपला.

बल्बाची स्वतःची म्हणावी अशी वस्तू एकच, आतली टंगस्टनची तार. शंभराच्या बल्बात ती जाड असते, त्यामुळे तिचा रोध कमी, म्हणून २३० व्होल्टला तिच्यातून जास्त धारा वाहते आणि जास्त वीज लागते. चाळीसच्या बल्बात तार बारीक, रोध जास्त, धारा कमी. पेटलेल्या अवस्थेत शंभराच्या तारेचा रोध ५२९ ओहम येतो आणि चाळीसच्या तारेचा १३२२. हे काढायला व्होल्टचा वर्ग करून त्याला वॅटनं भागायचं, एवढंच. म्हणजे लहान वॅटचा बल्ब हा मोठ्या रोधाचा बल्ब असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

एकसर जोडणीत दोन्ही बल्ब एकाच वाटेवर असतात. मला हे एकाच रस्त्यावर लागोपाठ आलेल्या दोन घाटांसारखं वाटतं. पहिला घाट चढून गेलेली प्रत्येक गाडी दुसराही चढतेच, मधे वळायला फाटा नाही. त्यामुळे दोन्ही घाटांवरून जाणाऱ्या गाड्या तितक्याच. पण डिझेल जास्त कुठे जळतं? ज्या घाटाची चढण अवघड, तिथे. तसंच इथे धारा दोन्ही तारांमधून सारखीच, पण ज्या तारेचा रोध जास्त तिथे व्होल्टही जास्त खर्ची पडतात आणि उष्णताही तिथेच जास्त निघते. चाळीसची बारीक तार हा अवघड घाट. २३० व्होल्टपैकी मोठा वाटा तीच खाते, उरलेल्या चिरीमिरीवर शंभराची जाड तार कशीबशी तांबडी होते.

वहीतलं गणित असं. दोन्ही रोधांची बेरीज १८५१ ओहम. २३० ला तिनं भागलं की धारा ०.१२ अँपिअर. चाळीसच्या वाट्याला १६४ व्होल्ट, शंभराच्या वाट्याला ६६. चाळीसचा बल्ब वीस वॅट घेतो, शंभराचा आठ, एकूण साधारण साडेअठ्ठावीस वॅट. परीक्षेत हेच उत्तर बरोबर. त्याला एक आडवाटही आहे, दोन्ही वॅटचा गुणाकार करायचा आणि बेरजेनं भागायचं. ४००० भागिले १४०, म्हणजे २८.५७. दोन बल्ब मिळून एकट्या चाळीसच्या बल्बापेक्षाही कमी वीज घेतात, हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं. पण वाटेत एक घाट होताच, त्यात दुसरा वाढवला, तर गाड्या कमीच होणार.

मात्र पाटीवर वॅटमीटर लावला, तर तो साडेअठ्ठावीस दाखवत नाही. आकडा येतो पस्तीसच्या आसपास. मीटर खोटा नाही आणि पुस्तकही तसं खोटं नाही. पुस्तकानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तारेचा रोध कायम राहतो. टंगस्टनचा तो राहत नाही. घरात मल्टिमीटर असेल तर शंभर वॅटचा बल्ब होल्डरमधून काढून, पूर्ण गार झाल्यावर, त्याच्या बुडाच्या दोन टिकल्यांवर टोकं लावून पाहा. ५२९ ओहम दिसणार नाहीत. चाळीसच्या आसपास काहीतरी दिसेल. तीच तार अडीच हजार अंशांच्या वर तापली की तिचा रोध बारा-तेरा पट होतो. जुने बल्ब नेमके बटण दाबताक्षणी 'टप्प' करून का जायचे, तेही यातच आहे. गार तार पहिल्या क्षणी नेहमीच्या दसपटीहून जास्त धारा ओढते आणि कुठे झिजून बारीक झालेली जागा असेल तर तिथेच तुटते.

आता हे एकसर जोडणीला लावून पाहू. दोन्ही बल्बांना पूर्ण व्होल्ट मिळत नाहीत, म्हणून दोन्ही तारा नेहमीपेक्षा गार राहतात. गार म्हणून रोध कमी, रोध कमी म्हणून धारा पुस्तकातल्यापेक्षा जास्त. पण दोघी सारख्या गार होत नाहीत. शंभराची तार फारच गार पडते, तिचा रोध जास्त घसरतो, त्यामुळे तिच्या वाट्याचे व्होल्ट आणखी कमी होतात, ती आणखी गार पडते. हे असं थोडं सरकत सरकत जाऊन स्थिरावतं तेव्हा शंभराच्या बल्बाला ६६ ऐवजी चाळीसच्याही खाली व्होल्ट मिळत असतात आणि चाळीसच्या बल्बाला एकशेनव्वदच्या आसपास. म्हणजे खऱ्या तारेचे बल्ब पुस्तकातल्यापेक्षा जास्त अन्याय करतात. गरिबाचं आणखी गरीब होणं म्हणतात तसंच, फक्त इथे गरीब शंभर वॅटचा आहे.

हे टोकाला गेलेलं पाहायचं असेल तर चाळीसच्या जागी झिरोचा बल्ब लावावा. नावात झिरो असलं तरी रात्रीचा तो रंगीत बल्ब साधारण पंधरा वॅटचा. शंभराशी एकसर जोडला की झिरोचा जवळजवळ नेहमीसारखा पेटतो आणि शंभराची तार साधी तांबडीही होत नाही. बघणाऱ्याला वाटावं होल्डर रिकामाच आहे. पण शंभराचा बल्ब फिरवून काढा, झिरोही विझतो.

या सगळ्यातून काहींनी एक युक्तीही काढली होती. चाळीच्या जिन्यात दोन सारखे बल्ब एकसर जोडायचे, म्हणजे ते वर्षानुवर्षं उडत नाहीत. ते खरं आहे. तारेला निम्मेच व्होल्ट मिळतात, ती कमी तापते, झिजतही नाही. पण वीज वाचते म्हणून कुणी करत असेल तर हिशेब उलटा आहे. शंभराचे दोन असे लावले तर पुस्तकी गणितानं पन्नास वॅट जायला हवेत, प्रत्यक्षात सत्तरच्या जवळ जातात. उजेडाची गोष्ट तर फारच वाईट. व्होल्ट निम्मे झाले की तारेच्या बल्बाचा उजेड निम्मा होत नाही, दहाव्या हिश्शावर येतो, कारण गार तार आपली बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या उष्णतेतच घालवते. दोघांचा मिळून उजेड एका शंभराच्या पाचव्या भागाइतका. त्यापेक्षा साधा, एकटा चाळीसचा बल्ब जास्त उजेड देतो आणि वीज जवळजवळ निम्मी घेतो.

आता पुन्हा दुकानातल्या पाटीकडे. तिथे एक बल्ब आहे आणि त्याच्या पुढे एकसर जोडलेलं सॉकेट. सॉकेटमध्ये जे लावाल तो दुसरा 'बल्ब'. इस्त्रीची कॉइल तुटलेली असेल तर वाटच बंद, दिवा पेटत नाही. आत दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असतील तर सॉकेटच्या बाजूला रोधच नाही, सगळे २३० व्होल्ट बल्बाला, तो पूर्ण तेजानं पेटतो. फ्यूज उडत नाही, ठिणगी नाही, घरची वीज जात नाही, कारण धारा बल्बानं अडवून धरलेली असते. हाच या पाटीचा खरा उपयोग. बल्ब जणू न उडणारा फ्यूज.

गंमत आहे ती मधल्या प्रकारात, म्हणजे इस्त्री धडधाकट असेल तेव्हा. साडेसातशे वॅटच्या इस्त्रीचा रोध जेमतेम सत्तर ओहम. शंभराच्या बल्बाशी एकसर लावली तर इस्त्रीला तीसेक व्होल्ट मिळतात आणि बल्बाला दोनशे. तो इतका उजळ पेटतो, की नवशिक्याला शॉर्ट आणि चांगली इस्त्री यांतला फरकच कळत नाही. मीही हेच चुकलो होतो. चांगली इस्त्री 'शॉर्ट' ठरवून उघडून बसलो आणि आत काहीच सापडेना. दुकानातल्या काकांच्या पाटीवर दोनशे वॅटचा बल्ब का, ते तेव्हा कळलं. दोनशेच्या बल्बाचा रोध निम्मा, त्यामुळे इस्त्रीच्या वाट्याला पन्नासच्या वर व्होल्ट जातात आणि बल्बाचा उजेड शॉर्टच्या उजेडाच्या निम्म्यापेक्षाही खाली येतो. डोळ्याला हा फरक सहज पकडता येतो. उलट छताच्या पंख्यासारखी कमी वॅटची वस्तू तपासायची तर शंभराचाच बल्ब बरा. पंखा हळू फिरतो, बल्ब मंद राहतो, आणि वाइंडिंग जळून आतल्या आत चिकटलं असेल तर पंखा गुरगुरतो आणि बल्ब भडकतो. तपासायच्या वस्तूचा रोध आणि बल्बाचा रोध एकमेकांच्या जितके जवळ, तितका बल्ब स्पष्ट बोलतो. म्हणूनच बाजारात तारेचे बल्ब मिळेनासे झाले तरी दुरुस्तीवाले शोधून ते आणतात. एलईडी बल्ब या कामाचा नाही. त्याच्या बुडात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ते कमी व्होल्टलाही आपला उजेड जमेल तितका टिकवून धरतं आणि फारच कमी झाले तर लुकलुकायला लागतं. त्याच्या उजेडावरून काही वाचता येत नाही.

पाटीबद्दल एक धोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती मनाला उलटी वाटते. बल्ब विझलेला असतो तेव्हा माणूस निर्धास्त होतो. पण बटण चालू आणि सॉकेट रिकामं, अशा वेळी धारा वाहत नाही, म्हणून बल्बावर एकही व्होल्ट पडत नाही आणि सगळे २३० व्होल्ट सॉकेटच्या भोकांत टपून बसलेले असतात. तिथे बोट लागलं तर बल्ब वाचवेल ही समजूत जीवघेणी आहे. माणसाच्या शरीराचा रोध बल्बाच्या गार तारेच्या कितीतरी पट, म्हणजे एकसर जोडणीत अवघड घाट माणूसच. जवळजवळ सगळे व्होल्ट त्याच्या वाट्याला येतात. जीव घ्यायला अँपिअरचा शंभरावा-दहावा हिस्सा पुरतो आणि तेवढ्या धारेनं बल्बाची तार तांबडीसुद्धा होत नाही. दिव्यांच्या जुन्या माळेतही हेच. चिमुकले सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकसर जोडलेले, म्हणून कित्येकांना वाटतं माळ सहा व्होल्टची. त्यातला एक काढला की त्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये सहा नाही, पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात.

आपण घरात सगळं समांतर जोडतो, मग एकसर जोडणीशी आपला संबंध पाटी आणि माळेपुरताच, असं मला वाटायचं. तसं नाही, हे आमच्या इमारतीनं शिकवलं. इमारतीला तीन फेज येतात आणि घरं त्यांच्यावर वाटलेली असतात. प्रत्येक घराला आपला फेज, पण परतीचा न्यूट्रल खाली मीटरच्या खोलीत सगळ्यांचा एक. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर कुठल्याही दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रलचा मुख्य सांधा सैल होऊन सुटला, की वीज जात नाही. माझ्या फेजमधून आलेली धारा माझ्या घरातून निघते, इमारतीतल्या न्यूट्रलच्या वायरीपर्यंत पोचते आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून शेजाऱ्याच्या घरातून उलट शिरून त्याच्या फेजला मिळते. दोन घरं नकळत एकसर जोडली जातात आणि तीही ४०० व्होल्टवर. तिसरा फेज हिशेबाच्या सोयीसाठी बाजूला ठेवू.

एका घरात फक्त एक शंभर वॅटचा बल्ब चालू आहे आणि दुसऱ्या घरात दोन हजार वॅटचा गीझर, असं धरा. बल्ब ५२९ ओहम, गीझर २६. पाटीवरचा खेळच, फक्त मोठा झालेला. ज्या घरात कमी वॅट चालू, त्याचा रोध जास्त, व्होल्टही त्यालाच जास्त. बल्बवाल्या घराला साडेतीनशेच्या वर व्होल्ट मिळतात, गीझरवाल्याला वीसही नाहीत. ज्यानं घरभर सगळं बंद करून फक्त टीव्ही लावलेला असतो, नेमकं त्याचंच नुकसान सर्वांत मोठं. ओळखायची खूण अशी, की काही दिवे अचानक जास्त पांढरेफटक उजळतात, काही मंद होतात, आणि कुणी एखादं मोठं उपकरण चालू-बंद केलं की दुसऱ्याच्या घरचा उजेड खालीवर होतो. निरोगी समांतर जोडणीत हे इतकं कधी होत नाही. असं दिसलं की पंखे-दिवे एकेक बंद करत बसायचं नाही, तसं केलं तर आपला रोध वाढतो आणि मागे चालू राहिलेल्याच्या डोक्यावर आणखी व्होल्ट येतात. सरळ मेन स्विच पाडायचा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करायचा.

आमच्याकडे झालं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. पहिल्या मजल्यावर टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि दोन चार्जर गेले, फ्रिजमधून वास यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर गीझर चालू होता. तिथल्या काकूंची तक्रार एवढीच होती, की अर्धा तास झाला तरी पाणी कोमटसुद्धा होत नाही.